लांब किंवा अनोळखी नाव रिक्रूटरला बरोबर लिहिता-म्हणता यावं यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ, मालवण, वेंगुर्ला या भागातल्या मुलामुलींचे नोकरीचे अर्ज मी पाठवण्याआधी वाचून देते. अर्ज पुण्याला जातात, बंगळुरूला जातात, काही आखातात आणि काही जहाजावरच्या नोकरीसाठी. पलीकडे अर्ज उघडणाऱ्या माणसाला मराठी येत असेलच असं नाही, आणि पहिला घोटाळा बहुतेक वेळा नावापाशीच होतो. त्यावर मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच नाव वापरते: ज्ञानदा मुरलीधर म्हापणकर. नाव मी नमुना म्हणून जुळवलं आहे. म्हापण हे गाव मात्र वेंगुर्ला तालुक्यात आहे, आणि अशी गावावरून पडलेली आडनावं आपल्याकडे घरोघरी आहेत.

माझं नाव तर सरळ आहे. ते लोकांना का म्हणता येत नाही?

कारण त्यांच्यासमोर तुमचं नाव नसतं, नावाचं इंग्रजी स्पेलिंग असतं. `Dnyanada Mhapankar` हे ज्याने कधी ऐकलेलं नाही त्याच्या नजरेने वाचून बघा.

`Dny` ने सुरू होणारा शब्द इंग्रजी वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून तो मध्ये एक स्वर घालतो आणि 'दिन्या' किंवा 'डायना' असं काहीतरी होतं. हिंदी भाषक देवनागरीत नाव बघेल तर 'ज्ञ' चा 'ग्य' करेल, कारण त्याच्या भाषेत ते अक्षर तसंच म्हणतात. मग येतो `a`. या नावात तो तीनदा आहे आणि तिन्हींचं काम एकसारखं नाही. पहिला 'आ' आहे. दुसरा लिहिलाय खरा, पण आपण बोलताना 'ज्ञान्‌दा' म्हणतो, तो उच्चारतच नाही. तिसरा पुन्हा 'आ'. परक्या माणसाला हे कळायला काही मार्ग नाही, म्हणून तो तिन्ही सारखेच ओढतो: 'दिन्यानाडा'.

आडनावात दोन खड्डे आहेत. `Mh` एकत्र बघायची सवय नसल्यामुळे डोळा आपोआप `Maha` वाचतो. आणि `pankar` मध्ये `n` च्या लगेच पुढे `k` आहे, म्हणून 'पण-कर' च्या जागी 'पंकर' येतं, 'पंकज' सारखं. अशा रीतीने म्हापणकरांची ज्ञानदा 'दिन्यानाडा महापंकर' होते. वाचणाऱ्याने हयगय केलेली नाही, स्पेलिंगने त्याला एवढंच सांगितलं होतं.

हे एकदा समजून घेतलं की पुढची कामं सोपी जातात. आपलं नाव कोणत्या जागी मोडतं हे आधी कागदावर लिहा. बहुतेक नावांत अशा दोन-तीनच जागा निघतात.

मग स्पेलिंगच सोपं करून टाकू का? `Gyanda` किंवा `Mapankar`?

नको. एवढं मात्र मी हट्टाने सांगते.

स्पेलिंग हे ओळख पटवण्यासाठी असतं. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट, बँक खातं, पुढे पीएफचा यूएएन, या सगळ्या ठिकाणी तीच अक्षरं जुळावी लागतात. अर्जात `Gyanda` आणि प्रमाणपत्रावर `Dnyanada` असेल तर ऑफर आल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत कोणीतरी विचारणार की ही दोन माणसं आहेत का. आधारशी नाव जुळलं नाही तर पीएफचं कामही अडतं. उच्चार सांगण्याचं काम रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे आणि नावाखाली लिहायच्या उच्चाराच्या ओळीकडे द्या, ती दोन्ही पुढे येतात; स्पेलिंगला हात लावू नका.

तुमच्या कागदपत्रांतच दोन स्पेलिंगं असतील, म्हणजे दहावीला `Mhapankar` आणि आधारवर `Mapankar`, तर अर्ज पाठवायला लागण्याआधी ते एक करून घ्या. साधारणपणे दहावीचं प्रमाणपत्र धरून बाकीचं दुरुस्त करणं सोपं जातं. दहावीचंच नाव सोडायचं असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

अर्जात `First name`, `Middle name`, `Last name` असे रकाने असतात. आपलं तीन भागांचं नाव कसं भरायचं?

तिन्ही रकाने असतील तर काही अडचण नाही: `Dnyanada`, `Murlidhar`, `Mhapankar`.

दोनच रकाने असतील तेव्हा चुका होतात. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालू नका. `Last name` मध्ये `Murlidhar Mhapankar` लिहिलं की आडनावावरून शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. नोकरीच्या साध्या अर्जात वडिलांचं नाव सरळ गाळा. मात्र फॉर्मवर `Legal name` किंवा 'पासपोर्टप्रमाणे' असं लिहिलं असेल तर ते पहिल्या नावासोबत जातं, कारण भारतीय पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि उरलेलं सगळं `Given Name(s)` मध्ये असतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायची जी ओळ असते तिथेही हीच वाटणी दिसते:

```
P<INDMHAPANKAR<<DNYANADA<MURLIDHAR<<<<<<<<<<
```

दोन `<<` च्या आधी आडनाव, नंतर बाकीचं नाव. जहाजावर किंवा परदेशी जाणाऱ्यांनी एजंटचा फॉर्म भरताना ही ओळ समोर ठेवून भरावं. विमानाच्या तिकिटावर कधी `DNYANADAMURLIDHAR` असं जोडून छापून येतं, त्याने घाबरू नका, तिकिटाच्या यंत्रणेची ती पद्धत आहे.

काही कंपन्यांच्या फॉर्मवर `Preferred name` असा वेगळा रकाना असतो. तिथे तुम्हाला ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते नाव लिहायचं. तुम्हाला 'ज्ञानदा' च आवडत असेल तर तेच लिहा. समोरच्याला सोपं जावं म्हणून घरचं नाव देऊ नका, कारण पुढची काही वर्षं ऑफिसभर तेच चालतं.

आणि कोणत्याही नावाच्या रकान्यात उच्चार कंसात घालू नका. `Mhapankar (mhaa-pun-kur)` हे पुढे ईमेलमध्ये, ऑफर लेटरवर, ओळखपत्रावर जसंच्या तसं छापून येतं.

मला `Dear Murlidhar` असा ईमेल आला. हे कुठून आलं?

सीव्हीवर आडनाव आधी लिहिलं असणार. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तीच सवय सीव्हीत उतरते: `MHAPANKAR DNYANADA MURLIDHAR`. सीव्हीतला मजकूर उचलून रकान्यांत भरणारं सॉफ्टवेअर साधारणपणे पहिला शब्द नाव आणि शेवटचा शब्द आडनाव धरतं. त्याच्या हिशेबाने तुमचं नाव म्हापणकर आणि आडनाव मुरलीधर. मग कोणी `Dear Mhapankar` म्हणतं, कोणी `Mr. Murlidhar`.

सीव्हीच्या माथ्यावर `Dnyanada Mhapankar` एवढंच, याच क्रमाने लिहा. ते टेक्स्ट बॉक्समध्ये, चित्रात किंवा पानाच्या हेडरमध्ये ठेवू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. देवनागरीतही नाव द्यायचं असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं देवनागरी नाव पलीकडे निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसतो.

तपासायची एक साधी रीत आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करा. पहिल्या ओळीत नाव नीट आलं तर यंत्रालाही बहुधा नीटच मिळेल.

उच्चाराची ओळ कशी लिहायची?

नावाच्या खाली, लहान आकारात, एकच ओळ:

```
Dnyanada Mhapankar
Pronounced: NYAAN-daa MHAA-pun-kur
```

यातला प्रत्येक तुकडा विचार करून निवडलेला आहे. `aa` म्हणजे लांब 'आ'. 'पण' मधल्या 'अ' साठी `a` लिहिला तर लोक पुन्हा 'पान' म्हणतील, म्हणून `pun` लिहिलं. हा शब्द इंग्रजीत आहे आणि त्याचा उच्चार आपल्या 'पन' च्या अगदी जवळ जातो. `kur` चंही तसंच. मध्ये जोडरेघ आली की `n` आणि `k` सुटे होतात, मग 'पंकर' होत नाही. ज्ञानदातला न बोललेला `a` या ओळीत गाळलाच आहे. मोठी अक्षरं जिथे जोर द्यायला हवा तिथे आहेत. मराठीत आपण तसा ठाशीव जोर देत नाही, पण इंग्रजी वाचणारा कुठे ना कुठे जोर देणारच, तर निदान आपण सांगू तिथे देऊ दे.

सुरुवातीचा `D` मी मुद्दाम सोडला. `Dnyaan` लिहिलं की पुन्हा 'दिन्यान' येतं. 'न्यानदा' हे 'ज्ञानदा' नाही, पण 'दिन्यानाडा' पेक्षा कितीतरी जवळचं आहे, आणि नेमका उच्चार ध्वनीत ऐकता येतो. हा निर्णय ज्याचा त्याने करायचा. माझ्याकडे आलेल्या एका ज्ञानेश्वरने `D` सोडायला साफ नकार दिला आणि `d'NYAA` असं लिहिलं. नाव त्याचं होतं, मी पुढे वाद घातला नाही.

भाषाशास्त्रातली आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हं वापरू नका. अचूक असतात, पण रिक्रूटरला वाचता येत नाहीत.

ओळ जमली का ते पाहायला मराठी न येणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला फक्त ती ओळ पाठवा आणि फोनवर मोठ्याने म्हणायला सांगा. आधी तुम्ही नाव उच्चारू नका. तो जिथे अडखळेल तो तुकडा बदला.

लिंक्डइनवर नाव आवाजात ठेवता येतं म्हणतात, ते कसं?

2020 पासून ही सोय आहे. रेकॉर्डिंग फक्त मोबाइल अ‍ॅपमधून होतं, संगणकावरून नाही. प्रोफाइल उघडून नावाजवळच्या पेन्सिलवर जा, तिथे `Name pronunciation` दिसेल. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. जास्तीत जास्त 10 सेकंद मिळतात. ऐकून बघा, नको वाटलं तर पुन्हा करा, आणि शेवटी प्रोफाइलमधला बदल `Save` करायला विसरू नका. वाड्यांवर रेंज येत-जात असते, अपलोड अर्धवट राहिलं तरी आपल्याला वाटतं झालं. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा आणि नावाशेजारी स्पीकरचं चिन्ह दिसतं का ते पाहा.

हा आवाज कोणाला ऐकू यावा याचा पर्यायही असतो. तो फक्त तुमच्या ओळखीच्यांपुरता राहिला असेल तर ज्याच्यासाठी केलं त्या रिक्रूटरलाच ऐकू येणार नाही.

त्या 10 सेकंदांत काय बोलू?

नाव. 'हॅलो, आय अ‍ॅम अ सॉफ्टवेअर इंजिनिअर' नाही.

मी सांगते तो क्रम असा: एकदा नेहमीच्या वेगाने पूर्ण नाव, मग थोडं थांबून तुकड्यातुकड्याने, मग पुन्हा नेहमीच्या वेगाने. 'ज्ञानदा म्हापणकर. ज्ञान, दा. म्हा, पण, कर. ज्ञानदा म्हापणकर.' आरामात म्हटलं तरी सात-आठ सेकंदांत बसतं. पहिल्यांदा ऐकून माणसाला नावाचा एकूण डौल कळतो, तुकड्यांत अवयव कळतात, आणि शेवटचं ऐकून तो लगेच म्हणून बघू शकतो. नुसतं सावकाश म्हटलं तर तो तुम्हाला कायम तसंच, शाळेत हजेरी घेतल्यासारखं म्हणत राहतो.

आपल्या घरी म्हणता तसंच म्हणा. बरीच मुलं रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतःच इंग्रजी वळण लावतात, 'डन्यानडा' म्हणतात, समोरच्याला सोपं जाईल म्हणून. ऐकणारा आधीच थोडा बिघडवून म्हणणार आहे. तुम्हीही बिघडवून दिलंत तर त्याच्याकडे मूळ काहीच उरत नाही.

माझं रेकॉर्डिंग घुमतं, वारा येतो. काय करू?

पडवीत रेकॉर्ड करू नका, आणि किनाऱ्यावर तर नाहीच. वारा माइकवर थेट आपटला की 'म्ह' मधला 'ह' त्यात बुडतो, आणि या आडनावात तोच ऐकू यायला हवा. पावसाळ्यात पत्र्याखालची खोलीही नको. आतल्या खोलीत, पंखा बंद करून, जिथे गाद्या-चादरी रचून ठेवलेल्या असतात तिकडे तोंड करून बसा, कापड आवाज शोषतं आणि घुमणं कमी होतं. फोन तोंडापासून वीतभरापेक्षा थोडा जवळ, पण तोंडाच्या समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' चे फटके माइकवर बसत नाहीत.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला. पहिलंच अक्षर कापलं जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ज्ञानदाच्या बाबतीत कापलं जातं ते नेमकं 'ज्ञ'.

रिक्रूटर लिंक्डइन बघतच नाही, सीव्हीवरून थेट फोन करतो. मग?

खरं आहे, लिंक्डइनवरचा आवाज लिंक्डइनपुरताच. म्हणून सीव्हीवर उच्चाराची ओळ हवी, आणि ती ईमेलच्या सहीतही ठेवावी, त्याच ओळीला प्रोफाइलची लिंक जोडून. मुलाखतीची वेळ ठरवणारा माणूस बहुधा ईमेलच वाचत असतो.

ध्वनिफाइल ईमेलला जोडू नका, अनोळखी माणसाकडून आलेली फाइल कोणी उघडत नाही. पीडीएफच्या आत घातलेला आवाजही बहुतेकांकडे वाजत नाही. ड्राइव्हवर ठेवून लिंक देणार असाल तर ती कोणालाही उघडेल अशी परवानगी द्या, आणि दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहा. परवानगी मागणारं पान समोर आलं की रिक्रूटर तिथूनच मागे फिरतो.

फोनवर स्पेलिंग सांगताना गोंधळ होतो.

`D`, `B`, `T` आणि `M`, `N` फोनवर सारखेच ऐकू येतात. जहाजावर काम केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा, रेडिओवरची अक्षरं त्यांना तोंडपाठ असतात: डेल्टा, नोव्हेंबर, यांकी, अल्फा, नोव्हेंबर, अल्फा, डेल्टा, अल्फा. भारतातल्या रिक्रूटरला 'डी फॉर दिल्ली, एन फॉर नाशिक' ही चालतं. आडनावाला 'एम फॉर मुंबई, एच फॉर हैदराबाद' म्हणून झाल्यावर 'एम आणि एच च्या मध्ये ए नाही' हे वेगळं सांगा. तो `a` लोक न ऐकताही लिहितात.

माझ्या आडनावात 'ळ' आहे. तो इंग्रजीत कसा दाखवू?

नाही दाखवता येत. `l` च लिहावा लागतो, आणि कोळंबकर 'कोलंबकर' होतो. इथे आवाजाला पर्याय नाही.

मात्र समोरचा माणूस बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद किंवा कोचीचा असेल तर त्याला नुसतं सांगा की हा तुमच्याही भाषेतला 'ळ' आहे. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, चारही भाषांत हा ध्वनी आहे. त्या माणसाला तो येत असतो, फक्त `l` कडे बघून सुचत नाही. हिंदीभाषक किंवा परदेशी माणूस 'ल' म्हणेल, तो मी तरी चालवून घेते.

लग्नानंतर आडनाव बदललं. जुन्या नावाने ओळखणाऱ्यांचं काय?

लिंक्डइनवर `Additional name` हा रकाना त्यासाठीच वापरा, पूर्वीचं आडनाव तिथे लिहा. अर्जात मात्र आत्ता पॅन आणि आधारवर जे आहे तेच द्या. आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा राहून जातो. नवं आडनाव लिहिलेलं आणि आवाजात जुनं, असं मी बरेचदा पाहिलं आहे.

मुलाखतीत चुकीचं म्हटलं तर तिथेच सुधारावं का?

हो, पहिल्याच वेळी आणि एका वाक्यात. 'ज्ञानदा म्हणा, द आणि न्या एकत्र,' एवढं सांगून पुढे बोलायला लागा. तिसऱ्या फेरीपर्यंत गप्प राहून मग सुधारलं तर समोरचा जास्त ओशाळतो. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि जवळपास आलं तर 'हो, बरोबर' म्हणा.

मी रिक्रूटर आहे. फोन करण्याआधी काय करू?

प्रोफाइलवर स्पीकरचं चिन्ह असेल तर दोनदा ऐका, आणि नाव तुमच्या स्वतःच्या लिपीत लिहून घ्या, मल्याळममध्ये, तमिळमध्ये, जी रोजची असेल तीत. इंग्रजीत लिहून ठेवलंत तर उद्या तुम्हीच ते परत चुकीचं वाचाल. आवाज नसेल आणि देवनागरी नाव मिळालं असेल तर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये भाषा मराठी ठेवून ऐका. हिंदीचा आवाज 'ज्ञ' चा 'ग्य' करतो.

काहीच मिळालं नाही तर फोन लागल्यावर आधी विचारा, 'तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता?' 'किती अवघड नाव आहे हो' असं म्हणू नका. आमच्या मुली ते ऐकून लगेच म्हणतात, 'काहीही म्हणा, चालेल.' चालत नसतं. उत्तर मिळालं की एकदा म्हणून दाखवा, आणि तुमच्या यंत्रणेत त्या उमेदवाराच्या नोंदीत उच्चार लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीतल्या माणसाला तिला तेच पुन्हा विचारावं लागणार नाही.